पायातला गॅस

वहिनींचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता, आणि त्यात डॉक्टरांनी एकट्याने वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. त्यांचा कापडवाल्यावर नव्हता, दूधवाल्यावर नव्हता, आणि शेजारणीच्या घड्याळावर तर मुळीच नव्हता. दुकानदाराने तीन मीटर कापड मोजून दिलं की त्या तिथेच उभ्या राहून गळ्यातल्या टेपने ते पुन्हा मोजत. दुकानदार हसायचे. हसोत बापडे. पंचवीस वर्षं पडदे, सोफ्याची कव्हरं आणि शाळेचे गणवेश शिवून घर चालवणाऱ्या बाईला कुणाच्या हसण्याने काही होत नाही, कापड दोन बोटं कमी आलं की मात्र होतं.

हा स्वभाव काही जन्माचा नव्हता. नवरा आजारी पडला तेव्हा एका गोड बोलणाऱ्या डॉक्टराने 'साधा ताप आहे, उद्या घरी न्या' म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी नवरा घरी आलाही, पण चौघांच्या खांद्यावरून. तेव्हापासून कुणी गोड बोललं की वहिनी कान टवकारत. मागे उरला तो अकरा वर्षांचा दीर. त्याला त्यांनी पोटच्या पोरासारखा वाढवला. आता तो तिशीचा बाप्या झाला होता आणि शहराबाहेरच्या एका मोठ्या नर्सरीत कलमं बांधायचं काम करत होता. माणसांपेक्षा रोपांशी जास्त बोलतो म्हणून सगळे त्याला रोप्या म्हणत. वहिनींनी जीव टाकावा असं जगात तेवढंच एक माणूस होतं.

सोमवारी दुपारी नर्सरीत शेणखताची ट्रॉली उलटली. खत उपसायच्या लोखंडी दाताळ्याचा एक दात रोप्याच्या डाव्या पोटरीत खोल शिरला आणि वरून ट्रॉलीचं ओझं आलं. हाड वाचलं, पण पोटरी चेचली. मोठ्या सरकारी रुग्णालयात सर्जनबाईंनी त्याला तडक ऑपरेशनला घेतलं. जखम धुतली, चेचलेलं मांस कापून काढलं आणि बाहेर येऊन वहिनींना सांगितलं, "जखम मुद्दाम उघडी ठेवलीये. आत खत गेलं होतं. थोडं मांस असं आहे की ते जगणार का मरणार, हे आज कळत नाही. परवा पुन्हा आत बघू. चार-पाच दिवसांनी स्वच्छ राहिली तर टाके घालू."

सर्जनबाई गोड बोलत नव्हत्या, हे वहिनींना बरं वाटलं. पण 'मुद्दाम उघडी' हे शब्द त्यांच्या कानात अडकले. मंगळवारी सकाळी सिस्टरनी पट्टी सोडली तेव्हा त्यांनी वाकून पाहिलं. आख्खी मूठ जाईल एवढं भगदाड होतं, आत ओल्या गॉजच्या घड्या कोंबलेल्या.

"हे असंच ठेवणार?" वहिनींनी विचारलं.

"असंच ठेवायचं असतं ताई," सिस्टर म्हणाल्या. त्या वयस्कर होत्या, नोकरीला पस्तीस वर्षं झाली होती, आणि नातेवाइकांच्या प्रश्नांना त्या हातातलं काम न थांबवता उत्तर देत. "खराब जखम बंद केली की आत कुजते."

वहिनींना ते पटलं नाही. फाटलं की शिवायचं, हे लहान पोराला कळतं. उघडं ठेवलं की धूळ बसते, माशी बसते, हेही कळतं. मग शिकल्यासवरल्या माणसांना कसं कळत नाही? त्यांनी खोलीत नजर फिरवली. चार शिकाऊ डॉक्टर पुढच्या खाटेभोवती वह्या घेऊन उभे होते. म्हणजे हे असं आहे तर, वहिनी मनाशी म्हणाल्या. गरिबाचा पाय उघडा ठेवायचा आणि रोज पोरांना दाखवायचा. एकदा हे डोक्यात बसलं ते बसलंच. अकरा वाजता त्यांनी 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे' असं लिहून सही केली. सर्जनबाई ऑपरेशनमध्ये होत्या. सिस्टरनी तीनदा अडवलं, शेवटी हात जोडले. रिक्षात बसताना रोप्या म्हणाला, "वहिनी, राहू द्या ना दोन दिवस." त्या म्हणाल्या, "तू गप बस, तुला काय कळतंय."

गल्लीतले डॉक्टर त्यांचे जुने गिऱ्हाईक, म्हणजे त्यांच्या दवाखान्याचे पडदे वहिनींचे. भला माणूस, पण भिडस्त. जखम पाहून तेही मान हलवत होते. "उघडी ठेवलीये तर काहीतरी कारण असेल," असं दोनदा म्हणाले. वहिनींनी त्यांना बोलूच दिलं नाही. शेवटी त्यांनी सुई घेतली. नऊ टाके घातले आणि खालच्या कोपऱ्यात बोटभर जागा सोडली.

"इथे फट राहिली," वहिनी म्हणाल्या.

"घाण वाहून जायला वाट हवी, वहिनी."

"वाट कशाला? घाण यायला पण तीच वाट. घाला दोन अजून."

त्यांनी दोन अजून घातले. अकरा टाके, सगळे सारख्या अंतरावर. वहिनींनी वाकून पाहिले आणि त्यांना आनंद झाला. इतका सुबक काठ त्यांच्या हाताखालच्या पोरींनाही जमत नसे.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला रोप्या कण्हायला लागला. आधी नुसतं "ठणकतंय" म्हणाला. मग म्हणाला, "वहिनी, पाय फुटतोय. आतून कुणीतरी हवा भरतंय असं वाटतंय."

वहिनींनी पट्टीवरून पाहिलं. रक्त नाही, पू नाही, टाके जागच्या जागी. त्यांना वाटलं, याला रुग्णालयातली खाटच आवडलेली दिसते. "टाके घातले की दुखणारच," त्या म्हणाल्या. "नाटकं करू नकोस. दहा वर्षांचा असल्यासारखा रडतोस." त्यांनी दुखण्याची गोळी दिली आणि त्या गणवेशांची बटणं लावायला बसल्या. रोप्या मग उशीत तोंड खुपसून पडून राहिला.

बुधवारी सकाळी त्यांनी चहा नेऊन दिला तर त्याने घेतला नाही. चेहरा राखेसारखा झाला होता, कपाळाला घाम, आणि छाती भात्यासारखी चालली होती. हात लावून पाहिला तर अंग फारसं तापलेलं नव्हतं. वहिनींनी पट्टी सोडली. पोटरी फुगून तट्ट झाली होती. टाके मांसात रुतले होते, आजूबाजूची कातडी ताणून चकचकीत, कुठे पांढरट, कुठे पितळेच्या भांड्यासारखी तपकिरी. दोन टाक्यांच्या मधून पाण्यासारखं पातळ, तांबूस काहीतरी झिरपत होतं आणि त्याला किळसवाणा गोडसर वास होता. वहिनींनी टाक्यांच्या कडेला बोटाने दाबलं. कातडीखाली कुरकुर वाजलं, कॉलरच्या आतलं कोरं बक्रम दाबल्यावर वाजतं तसं.

त्यांनी हात झटकन मागे घेतला.

गल्लीतले डॉक्टर परगावी गेले होते. वहिनींनी फोन लावला. दारात शेजारीण उभी होती, आणि शेजारणीला काही कळू द्यायचं नाही हा वहिनींचा जुना नियम. म्हणून त्यांनी आवाज खाली आणून, अर्धंमुर्धं सांगितलं. "फुगलंय हो. दाबलं की कुरकुर वाजतंय. झोप नाही, चहा पण घेतला नाही."

"गॅस झालाय," पलीकडून डॉक्टर म्हणाले. कुठेतरी गाडीत होते, आवाज तुटत होता. "दुखण्याच्या गोळ्यांनी होतो. गॅसची गोळी द्या, कोमट पाणी द्या. दुपारी बोलू."

पोटाचा शब्द कुणीच उच्चारला नाही, पायाचाही नाही. वहिनींनी गॅसची गोळी दिली आणि दोन तास वाट पाहिली. दहा वाजता रोप्याने त्यांना न ओळखल्यासारखं पाहिलं, तेव्हा मात्र त्यांनी धावत जाऊन रिक्षा आणली. रिक्षावाल्याने आणि त्यांनी मिळून त्याला उचलला.

त्याच रुग्णालयात, त्याच सर्जनबाईंसमोर जायचं म्हणजे वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. चोराच्या मनात चांदणं, तसं त्यांना प्रत्येक जण आपल्याकडेच बघतोय असं वाटत होतं. सर्जनबाईंनी एक शब्दही टोमणा मारला नाही. त्यांनी टाके पाहिले, नाडी धरली, पोटरीवर दोन बोटं ठेवून दाबलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. "सिस्टर, पेनिसिलिन आणि क्लिंडामायसिन, दोन्ही आत्ता. एक्स-रे. रक्त मागवा. थिएटरला कळवा." मग कात्री घेऊन त्यांनी तिथल्या तिथे अकराच्या अकरा टाके कापले. जखम आपोआप उघडली आणि फुगलेलं मांस बाहेर डोकावलं. तो गोडसर वास खोलीभर झाला. मांसात लालपणा नव्हता. मातकट, काळपट दिसत होतं.

"गॅस झालाय," सर्जनबाई म्हणाल्या.

वहिनींना एवढंच ओळखीचं ऐकू आलं. "हो ना, गॅसची गोळी दिलीये सकाळी," त्या घाईघाईने म्हणाल्या.

सर्जनबाईंनी वळून पाहिलं. "कसली गोळी?"

"गॅसची. ॲसिडिटीची. डॉक्टरांनीच सांगितलं फोनवर."

सिस्टर सलाईन लावता लावता थांबल्या. "अहो ताई, पोटातला नाही. पायातला. मांसात हवा झालीये."

"पायात कधी गॅस होतो का?" वहिनी म्हणाल्या. आणि त्याच क्षणी त्यांचा जुना संशय फणा काढून उभा राहिला. आम्ही इथून निघून गेलो म्हणून या बाईला राग आहे. आता काहीतरी भलतं नाव सांगून घाबरवणार.

"दुखायला कधी लागलं?" सर्जनबाईंनी विचारलं.

"आज सकाळी," वहिनी म्हणाल्या.

हे खोटं त्यांच्या तोंडून इतक्या सहज बाहेर पडलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. काल संध्याकाळपासून म्हटलं तर ही विचारणार, मग काल का नाही आणलं? आणि नाटकं करू नकोस म्हटलं होतं हे कसं सांगायचं?

"आज सकाळी?" सर्जनबाईंनी पोटरीकडे पाहिलं, मग वहिनींकडे. त्यांचाही विश्वास बसला नव्हता, हे दिसत होतं. "नक्की?"

"नक्की."

आता दोघीही एकमेकींकडे संशयाने बघत होत्या, आणि मधे खाटेवर रोप्या पडला होता.

सर्जनबाई स्टूल ओढून बसल्या. "ऐका. हे जंतू मातीत असतात, खतात असतात. नुसते जंतू नाही, त्यांचं बी. कवचातलं बी. वर्षानुवर्षं झोपून राहतं, उन्हाने मरत नाही, उकळून सुद्धा मरेल याचा भरवसा नाही. हवा असेल तिथे ते रुजत नाही. त्याला बिनहवेची जागा लागते. मेलेलं मांस, जिथे रक्त नाही, म्हणजे प्राणवायू नाही. वरून तोंड बंद."

रोप्याने डोळे उघडले. "बी मातीत दाबलं," तो ओठ ओले करत म्हणाला. त्याचं भान अधूनमधून अगदी लख्ख येत होतं. "रुजणारच."

"रुजलं," सर्जनबाई म्हणाल्या. "आणि रुजलं की ते विष सोडतं. त्यातलं मुख्य विष, अल्फा टॉक्सिन. आपल्या पेशींची जी पातळ भिंत असते, ती ते विरघळवतं. मांसाच्या पेशी फुटतात, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. रक्त थांबलं की शेजारचं चांगलं मांस मरतं. ते मेलं की तिथेही हवा नाही, मग जंतू तिथे सरकतात आणि तिथे विष सोडतात. असं पुढे पुढे. वाढताना ते वायू सोडतात, तो तुमच्या बोटाला लागला."

"पण पू कुठाय?" वहिनी म्हणाल्या. हा त्यांचा हुकमी पत्ता होता. "पू नाही, ताप नाही, आणि तुम्ही म्हणता विष!"

"पू म्हणजे आपले पांढरे सैनिक लढून मेलेले. इथे ते पोचलेच नाहीत. विषाने त्यांना रक्तवाहिन्यांतच अडकवून ठेवलंय. पू असता तर मला कमी भीती वाटली असती."

"मग इंजेक्शन द्या. लागतील तेवढी द्या. कापता कशाला?"

"दिलंय. जाईल कुठून? औषध रक्तातून जातं. जिथे रक्तच जात नाही तिथे औषध कसं पोचणार? औषध जिवंत मांसाला वाचवायला. मेलेलं मांस कापूनच काढावं लागतं, नाहीतर विषाचा कारखाना चालूच राहतो. पोटरीतल्या स्नायूंचे कप्पे उघडीन, मेलेलं सगळं काढीन. चांगलं मांस उरलं तर पाय ठेवीन. नाही उरलं तर गुडघ्याच्या वरून कापावा लागेल. हे सही करण्याआधी तुम्हाला माहीत हवं." त्यांनी कागद पुढे केला. "पेशंट शुद्धीत आहे, त्याची सही मला चालेल."

रोप्या म्हणाला, "वहिनी म्हणतील तसं."

तीस वर्षांचा माणूस, पाय त्याचा, आणि निकाल वहिनींनी द्यायचा. सर्जनबाई उठल्या. "थिएटर लावून, रक्त येऊन वीस-पंचवीस मिनिटं लागतील. तोवर ठरवा. त्याच्या पुढे मला थांबता येणार नाही." आणि त्या हात धुवायला गेल्या.

सिस्टरनी बॉलपेनने रोप्याच्या नडगीवर, जिथे सूज आणि कुरकुर संपत होती तिथे, आडवी रेघ मारली. बाजूला वेळ लिहिली. "सूज किती सरकते ते कळतं," त्या म्हणाल्या.

तुमच्या रेघेचा काय भरवसा, वहिनींना वाटलं. उद्या म्हणाल, रेघ इथे होती. त्यांनी पिशवीतून शिवणाचा निळा खडू काढला. स्वतः बोटाने दाबत दाबत वर गेल्या, कुरकुर थांबली तिथे थांबल्या, आणि सिस्टरच्या रेघेला लागून स्वतःची रेघ मारली. गुडघ्याच्या खाली चार बोटं. मग गळ्यातली टेप काढून पोटरीचा घेर मोजला. साडेपंधरा इंच. सिस्टरनी घड्याळ पुढे केलं, तर वहिनींनी आपलंही पाहिलं.

वीस मिनिटं त्या खाटेशी उभ्या राहिल्या. पलीकडे कुणीतरी खोकत होतं, ट्रॉलीचं चाक करकरत होतं. रोप्याच्या लघवीच्या पिशवीत कोऱ्या चहाच्या रंगाचं काहीतरी जमत होतं. "फुटलेल्या तांबड्या पेशींचा रंग," सिस्टर हळूच म्हणाल्या, आणि या वेळी वहिनींना त्यात डाव दिसला नाही.

त्यांनी पुन्हा बोट ठेवलं. खडूच्या रेघेवर कुरकुरलं. वर एक बोट, कुरकुरलं. दोन बोटं वर, तिथेही. त्यांनी टेप लावली. साडेसोळा. त्यांना वाटलं टेप तिरकी लागली म्हणून चुकतंय. पुन्हा लावली. साडेसोळाच. जगात सगळे खोटं बोलतील, पण वहिनींची टेप वहिनींशी खोटं बोलत नाही. वीस मिनिटांत एक इंच, म्हणजे काल संध्याकाळपासून किती, हा हिशेब त्यांच्या डोक्यात आपोआप सुरू झाला.

सर्जनबाई परत आल्या, हात कोपरापर्यंत ओले, मास्क गळ्यात.

"काल संध्याकाळी सहापासून," वहिनी म्हणाल्या. "काल सहापासून दुखतंय त्याला. पाय फुटतोय म्हणाला होता. मी नाटकं म्हटलं. आणि डॉक्टर कोपऱ्यात फट ठेवत होते, ती मी बंद करायला लावली. त्यांचा दोष नाही."

सर्जनबाईंनी एकदा डोळे मिटले. "सोळा तास," त्या म्हणाल्या, पण वहिनींना नाही, सिस्टरना. "ॲम्प्युटेशनचा सेट पण लावा." मग वहिनींकडे वळल्या. "बरं झालं सांगितलंत. आता मी अर्धवट आशेवर वेळ घालवणार नाही."

वहिनींनी रोप्याच्या हातात पेन दिलं आणि त्याच्या मनगटाला आधार धरला. सही वाकडीतिकडी आली.

दुपारी सर्जनबाई बाहेर आल्या. टोपी काढली तेव्हा कपाळावर तिचा वण उमटला होता. "गुडघ्याच्या वरून घ्यावा लागला," त्या म्हणाल्या. "पोटरीतला एकही कप्पा जिवंत नव्हता. कापलं तर रक्त येत नव्हतं, चिमटा लावला तर आखडत नव्हतं. शिजलेल्या मांसासारखं. मांडीत मात्र रक्त येतंय, चिमट्याला हलतंय. तिथे थांबले. आजची रात्र आणि उद्याचा दिवस कठीण आहे. उद्या पुन्हा आत बघीन." त्यांनी वहिनींकडे पाहिलं. "जखम उघडी ठेवलीये."

"ठेवा," वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. "काल संध्याकाळी आणला असता तर?"

सर्जनबाई गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "कदाचित पाय राहिला असता," त्या म्हणाल्या. "खात्री नाही. पण कदाचित."

वहिनी बाकावर बसून ढसाढसा रडल्या. नवरा गेला तेव्हा रडल्या नव्हत्या इतक्या. तेव्हा शिव्या द्यायला कुणीतरी होतं.

गुरुवारी जखम पुन्हा पाहिली, मांस लाल होतं. शुक्रवारी नाडीचा वेग उतरला, लघवीचा रंग निवळला. शनिवारी सकाळी रोप्याने स्वतःहून पाणी मागितलं आणि उशीला टेकून बसला. चादर डावीकडे अर्ध्यातच सपाट झाली होती, तिकडे तो बघत नव्हता. शिकाऊ डॉक्टरांची फेरी होऊन गेली. सर्जनबाई त्याच्याशी दोन शब्द बोलून पुढच्या खाटेकडे वळल्या. त्या लांब जाईपर्यंत तो थांबला, मग त्याने वहिनींना जवळ बोलावलं. आवाज एकदम हळू केला, घरी शेजारीण दारात असली की वहिनी करत तसा.

"वहिनी, एक विचारू? यांनी मुद्दाम कापला ना? आपण मंगळवारी निघून गेलो, त्याचा राग. मला सगळं आठवतंय. त्या सारख्या तुम्हाला उलटसुलट विचारत होत्या. तक्रार करायची का आपण?"

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे बारीक झाले होते, ओठ घट्ट मिटलेले. हे तोंड त्यांनी रोज आरशात पाहिलं होतं. अकरा वर्षांचा होता तेव्हापासून त्यांनीच ते त्याला शिकवलं होतं, कापडवाल्याच्या दुकानात, दूधवाल्याच्या पुढ्यात. आता नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्याचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. त्याने जन्मभर सर्जनबाईंच्या नावाने बोटं मोडली असती आणि रोज वहिनींच्याच हातचा चहा प्यायला असता.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "त्या बाईने तुझा जीव वाचवला. तिने पहिल्या दिवशी जे केलं ते बरोबर होतं. मी तुला इथून उचलून नेला. मी टाके घालायला लावले. गल्लीतले डॉक्टर घाण वाहायला जिथे वाट ठेवत होते ती मी बुजवली. तू रात्रभर तडफडलास आणि मी म्हटलं नाटकं करतोस. पाय मी घालवला."

पुढच्या खाटेवर सर्जनबाई कुणालातरी हात वर कर म्हणून सांगत होत्या.

"खोटं," रोप्या म्हणाला. "तुम्हाला त्यांनी असं बोलायला सांगितलंय."

"नाही."

"मग पुन्हा सांगा."

वहिनींनी पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून, मंगळवारी सकाळी पट्टी सोडली तिथपासून, एकही शब्द न गाळता.